शिडीच्या गणितात वजन येतच नाही, मग मी चढल्यावरच ती का घसरली?

सातारकर_६८

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात घर रंगवायला काढलं होतं. हॉलच्या एका भिंतीचा वरचा भाग मी स्वतःच खरवडत होतो आणि शिडीचा पाय सरकून खाली आलो. मनगटाला प्लास्टर आहे, बाकी ठीक आहे. डाव्या हाताने टाइप करतोय, चुका सांभाळून घ्या.

शिडी अॅल्युमिनियमची, सरळ, १३ फुटी, वजन साधारण १५ किलो. माझं वजन ६०. खाली शहाबादी फरशी. भिंतीला जुना ऑइलपेंट, त्यामुळे चांगलीच गुळगुळीत. शिडीचा पाय भिंतीपासून ५ फुटांवर होता, कारण मध्ये दिवाण आहे आणि तो हलवायचा मी कंटाळा केला. वरचं टोक मोजलं तर बरोबर १२ फुटांवर टेकत होतं.

आता प्रश्न. माझा मुलगा अकरावीला आहे. त्याच्या वहीत अगदी हेच गणित आहे: गुळगुळीत भिंत, खरबरीत जमीन, शिडी टेकवलेली, जमिनीचा घर्षणांक कमीत कमी किती हवा. उत्तर आहे पायाचं अंतर भागिले उंचीची दुप्पट. म्हणजे माझ्या शिडीला ५ भागिले २४, साधारण ०.२१. त्यात वजन कुठेच नाही. शिडी १५ किलोची असो की दीडशेची, उत्तर तेच.

मग रिकामी शिडी नीट उभी होती. पहिल्या पायरीवर उभं राहून मी ती दोनदा हिसडून पाहिली होती, तसूभर हलली नाही. नऊ पायऱ्या चढेपर्यंतही काही झालं नाही. दहावीवरून अकरावीवर पाय टाकताना गेली. वजनाचा संबंधच नसेल तर माझ्या चढण्याने असं काय बदललं? पायऱ्या एकेका फुटावर आहेत.

पराग_के

काका, आधी लवकर बरे व्हा.

उत्तर सोपं आहे. घर्षण म्हणजे घर्षणांक μ गुणिले N, आणि N म्हणजे जमीन शिडीला जेवढ्या बलाने वर उचलून धरते ते. तुम्ही चढलात की N १५ किलोवरून ७५ किलोवर जातो, म्हणजे घर्षण पाचपट वाढतं. त्यामुळे चढल्यावर शिडी जास्त घट्ट बसायला हवी. तुमची घसरली याचा अर्थ रबर खराब झालं असणार किंवा फरशी ओली असणार. गणितात चूक नाही.

सातारकर_६८

फरशी ओली नव्हती. रबर जुनं आहे, हे खरं. पण पराग, तेच रबर नवव्या पायरीपर्यंत चाललं ना?

मेकॅनिक्सबाई

सातारकर, हाताची काळजी घ्या. मी तंत्रनिकेतनात बरीच वर्षं अप्लाइड मेकॅनिक्स शिकवलं, त्यामुळे हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे. तुमची शंका अगदी बरोबर जागी आहे.

परागचं म्हणणं अर्धं खरं आहे. वजन वाढलं की घर्षणाची कुवत वाढते. μN ही कुवत आहे, फरशी जास्तीत जास्त किती धरून ठेवू शकेल त्याची हद्द. प्रत्यक्षात किती घर्षण लागतंय हे वेगळं, आणि ते भिंत ठरवते. भिंत गुळगुळीत आहे, म्हणून ती शिडीला फक्त आडवी, खोलीच्या आत ढकलते. त्या रेट्याला तोंड देणारं आडवं बल संपूर्ण खोलीत एकच आहे, पायाशी असलेलं घर्षण. भिंत जेवढी ढकलेल तेवढंच घर्षण लागेल, ना कमी ना जास्त. तेव्हा खरा प्रश्न असा आहे की तुम्ही चढलात तेव्हा कुवत किती वाढली आणि भिंतीचा रेटा किती वाढला.

रेटा काढायला शिडीच्या पायाभोवती मोमेंट घ्या, म्हणजे प्रत्येक बल गुणिले त्याच्या रेषेचं पायापासूनचं अंतर. पायाभोवती घेण्याचं कारण एवढंच की जमिनीची दोन्ही बलं, N आणि घर्षण, तिथूनच जातात आणि हिशोबातून आपोआप बाहेर पडतात. उरतात वजनं आणि भिंतीचा रेटा R. मी सगळं किलोतच लिहिते, न्यूटनमध्ये केलं तरी गुणोत्तर तेच येतं.

रिकामी शिडी: तिचं वजन १५ किलो, मधोमध, म्हणजे पायापासून आडवं २.५ फूट. रेटा १२ फूट उंचीवर.

R × १२ = १५ × २.५
R = ३.१२५ किलो
N = १५ किलो
लागणारा μ = ३.१२५ / १५ = ०.२०८

हा तुमच्या मुलाच्या वहीतला आकडा. १५ वरही आहे आणि खालीही आहे, म्हणून वजन कटतं.

आता तुम्ही पहिल्या पायरीवर. शिडीवर १ फूट चढलात म्हणजे आडवे ५/१३ फूट, ०.३८५ फूट आत सरकलात.

R × १२ = ३७.५ + ६० × ०.३८५ = ६०.६
R = ५.०५ किलो
N = ७५ किलो
लागणारा μ = ५.०५ / ७५ = ०.०६७

पाहिलंत? रिकाम्या शिडीला ०.२०८ लागत होता, तुम्ही पहिल्या पायरीवर उभे राहिल्यावर तो ०.०६७ वर आला. तुमच्या वजनाने कुवत पाचपट केली, रेटा मात्र दीडपटीहून थोडा जास्तच वाढवला. म्हणजे ज्या क्षणी तुम्ही शिडी हिसडून पाहिलीत, त्या क्षणी ती सर्वांत घट्ट होती. त्या चाचणीवरून वरच्या पायऱ्यांबद्दल काहीच कळत नाही. साबणाच्या पाण्यावरसुद्धा ती शिडी कदाचित पहिल्या पायरीला पास झाली असती.

पुढच्या पायऱ्यांवर N ७५ वरच राहतो, कुवत आता वाढत नाही. रेटा मात्र प्रत्येक पायरीला वाढत जातो. तुम्ही मधोमध पोचलात की लागणारा μ पुन्हा ०.२०८. त्याच्या वर तो वहीतल्या उत्तराच्या पुढे जातो. दहाव्या पायरीवर:

R × १२ = ३७.५ + ६० × ३.८४६ = २६८.३
R = २२.४ किलो
लागणारा μ = ०.२९८

अकरावीवर हाच हिशोब ०.३२४ देतो आणि अगदी टोकाला ०.३७५. म्हणजे तुमच्या फरशी-रबराचा घर्षणांक त्या दिवशी ०.३० आणि ०.३२ च्या मध्ये कुठेतरी असावा. पडण्यातून घर्षणांक मोजला गेला, वाईट पद्धतीने का होईना.

सातारकर_६८

बाई, दोनदा वाचलं. पहिल्या पायरीचा आकडा पाहून अंगावर काटा आला. इतकी वर्षं मी शिडी अशीच तपासत आलोय, माझे वडीलही अशीच तपासायचे.

पराग_के

मान्य. मी कुवतीलाच घर्षण समजत होतो. पण मग वहीत f = μN लिहितात ते चूक का?

मेकॅनिक्सबाई

चूक नाही, पराग. प्रश्नात 'कमीत कमी μ किती' असं विचारलं की आपण शिडी सुटण्याच्या अगदी काठावर आहे असं धरतो, आणि काठावर कुवत व गरज समान असतात. फक्त तिथेच f = μN. फरशीचा घर्षणांक ०.६ असेल आणि शिडी आरामात उभी असेल, तर तिथे घर्षण ०.६ × N नाही, भिंतीच्या रेट्याइतकंच आहे. माझ्या वर्गातली निम्मी मुलं दरवर्षी इथेच अडायची: μ दिला की लगेच गुणाकार, आणि मग आडवी बलं जुळेनात.

निधी_अकरावी

बाई, मला एक अडलंय. आमच्या गणितात शिडी भिंतीशी ३० अंश करते. मी टॉर्क शिडीच्या मध्यबिंदूभोवती घेतला, कारण वजन तिथून जातं. माझं उत्तर आलं μ = cotθ/२ = ०.८७. पुस्तकात ०.२९ आहे. मध्यबिंदूभोवती घेतलेला चालत नाही का?

मेकॅनिक्सबाई

चालतो. कुठल्याही बिंदूभोवती चालतो. मध्यबिंदूभोवती घेतलास तर वजन जातं, पण N, f आणि R तिन्ही उरतात, म्हणून तुला आधी f = R आणि N = W वापरावं लागलं असणार. ते तू बरोबर केलं आहेस, कारण cotθ/२ हे सूत्र बरोबर आहे. फक्त त्यातला θ जमिनीशी आहे आणि तुझा ३० अंश भिंतीशी आहे. जमिनीशी तो ६० होतो. cot ६० चा निम्मा काढ, ०.२९ येतो.

पुढच्या वेळी उत्तर आलं की शिडी मनात उभी करून बघ. भिंतीशी कोन कमी कमी करत शून्यावर नेलास, शिडी सरळ उभी, तर पाय सरकवायला कोणी ढकलतच नाही, μ शून्य यायला हवा. तुझ्या सूत्रात भिंतीचा कोन घालून तो अनंताकडे जातोय. तिथेच कळतं की कोन उलटा घेतला गेलाय.

निधी_अकरावी

हो!! सरळ उभ्या शिडीला अनंत घर्षण. कळलं. थँक्यू बाई.

दापोलीकर

आमच्याकडे आंबे उतरवायला बांबूची शिडी वापरतो, वीस-बावीस फुटी. पाय बराच लांब ठेवतो, तुमच्या पाचाच्या दुप्पट तरी, आणि गडी टोकापर्यंत जातो. आजवर पाय सरकलेला नाही. तेव्हा हे घर्षणांकाचं गणित प्रत्यक्षात तितकंसं खरं नसावं असं वाटतं.

मेकॅनिक्सबाई

दापोलीकर, तुमच्या शिडीचे पाय मातीत रुततात ना? मग तिथे घर्षणाची हद्दच उरत नाही. भोवतीची माती खुंटीसारखी अडवते, आणि माती फुटेपर्यंत लागेल तेवढं आडवं बल देते. शिवाय वरचं टोक फांदीच्या बेचक्यात किंवा दोरीने बांधलेलं असेल. ते गुळगुळीत भिंतीचं गणितच नाही. रेटा मात्र तुमच्याकडेही तसाच वाढतो, तो मातीवर येतो इतकंच. तीच शिडी अंगणातल्या कोब्यावर त्याच कोनात लावू नका.

दापोलीकर

बांधतो खरं, सुंभाने. ठीक, माझं उदाहरण इथं लागू नाही.

अमेय_लिहितो

एक आक्षेप. खरी भिंत कधीच पूर्ण गुळगुळीत नसते. शिडीचं वरचं टोक खाली घसरू पाहतं, तेव्हा भिंतीचं घर्षण त्याला वर उचलून धरतं. हे धरलं तर शिडी बरीच जास्त सुरक्षित निघायला हवी. गुळगुळीत भिंत ही पुस्तकी सोय आहे, गणित सुटावं म्हणून. त्यावरून माणसांना घाबरवू नये.

मेकॅनिक्सबाई

अमेय, गणित सुटावं म्हणून हे निम्मं खरं आहे. भिंतीचं घर्षण धरलं की अज्ञात बलं चार होतात आणि समीकरणं तीनच राहतात. मग शिडी आरामात उभी असताना कुठे किती घर्षण आहे हे समतोलाच्या समीकरणांतून सांगताच येत नाही. शिडी कशी टेकवली, आधी पाय ठेवला की आधी टोक, ती किती वाकली, यावर ते ठरतं.

पण काठावरचा हिशोब करता येतो, कारण तिथे दोन्हीकडचं घर्षण पूर्ण वापरलं गेलेलं असतं. मी भिंतीचा घर्षणांक ०.३ धरून केला. रिकाम्या शिडीला जमिनीचा μ ०.२०८ च्या जागी ०.१९६ लागतो. आणि सातारकर टोकाला असतील तर ०.३७५ च्या जागी ०.३७०. भिंत दुप्पट खरबरीत धरली, ०.६, तरी टोकाला ०.३६६.

मलाही पहिल्यांदा हा आकडा खटकला होता. कारण असं आहे: भिंत शिडीला वर उचलते तेव्हा तेवढा भार जमिनीवरून कमी होतो. N घटला की पायाशी घर्षणाची कुवतही घटते. एका हाताने देते, दुसऱ्या हाताने काढून घेते. माणूस जितका वर, तितका हा व्यवहार बरोबरीचा होत जातो. म्हणजे जिथे मदत हवी, नेमकी तिथेच खरबरीत भिंत जवळजवळ काही देत नाही.

अमेय_लिहितो

आकडे मी करून पाहिले, जुळतात. इतका कमी फरक असेल असं वाटलं नव्हतं. पण तुम्ही दोन्ही टोकं एकाच क्षणी सुटतात असं धरताय. माणूस हळूहळू चढत असताना शिडी वाकते, वरचं टोक भिंतीवर किंचित घासत खाली जातं. तेव्हा भिंतीचं घर्षण आधीच पूर्ण वापरलं गेलेलं असेल का, की उलट्या दिशेनेही असू शकेल? वाकलेली शिडी टोकाला वर ढकलत असेल तर भिंत खाली ओढेल, आणि मग जमिनीला ०.३७५ पेक्षा जास्त लागेल. हे मला सुटलेलं वाटत नाही.

मेकॅनिक्सबाई

प्रश्न रास्त आहे. ताठ शिडी धरून त्याचं उत्तर मिळत नाही, वाकण्याचा हिशोब करावा लागेल. मी तो केलेला नाही. सुटण्याच्या क्षणी टोक खालीच जातं, म्हणून त्या क्षणासाठी मी माझ्या आकड्यांवर ठाम आहे. त्याआधीच्या अवस्थेबद्दल तुमची शंका उभी आहे.

रंगकाम_बारामती

मी रंगाची कामं घेतो, वीस एक वर्षं. आमच्यात नियम आहे, एक माणूस वर तर एक खाली. खालचा नुसती शिडी धरून उभा राहत नाही, खालच्या पायरीवर दोन्ही पाय देऊन उभा राहतो. जुन्या लोकांनी शिकवलेलं आहे. आणि फरशी गुळगुळीत असली तर पायाखाली ओलं गोणपाट. बाईंच्या हिशोबात हे कसं बसतं?

मेकॅनिक्सबाई

दादा, पहिली गोष्ट फार छान बसते. खाली ५० किलोचा माणूस पहिल्या पायरीवर, सातारकर टोकाला, शिडी तशीच ५ फुटांवर:

R × १२ = ३३७.५ + ५० × ०.३८५ = ३५६.७
R = २९.७ किलो
N = १२५ किलो
लागणारा μ = ०.२३८

०.३७५ वरून ०.२३८. खालचा माणूस रेट्यात दीड किलोची भर घालतो आणि पायावर पन्नास किलो दाबतो. सातारकरांची शिडी ०.३० ला सुटली असं धरलं, तर असा माणूस असता तर ती टोकापर्यंत सुटली नसती. मात्र तो तिथेच उभा राहायला हवा. काहीतरी आणायला म्हणून उतरला, की वरच्या माणसाला न सांगता गरज एकदम ०.२४ वरून ०.३७ वर जाते.

गोणपाटाबद्दल मी सावध राहीन. आता सरकायला दोन जागा झाल्या: शिडीचा पाय गोणपाटावर आणि गोणपाट फरशीवर. यातली जी कमी धरते तीच खरी. ओलं गोणपाट शहाबादीवर किती धरतं हे मला मोजल्याशिवाय सांगता येणार नाही.

रंगकाम_बारामती

गोणपाट आम्ही दुमडून भिंतीपर्यंत लांब टाकत नाही, नुसता तुकडा असतो. कधी सरकलं नाही, पण खालचा माणूसही असतोच नेहमी. त्यामुळे धरतंय कोण, गोणपाट की माणूस, ते आता सांगता येत नाही खरं.

कॅलगरीहून

मी इथे बांधकामाच्या साइटवर सुरक्षेचं काम बघतो. आमच्याकडे चारास एक हा नियम आहे: शिडीची टेकेपर्यंतची लांबी जितकी, त्याच्या एक चतुर्थांश अंतरावर पाय. जमिनीशी कोन साधारण ७५ अंश होतो. मोजपट्टी नसेल तर शिडीच्या पायाला बुटांची टोकं लावून सरळ उभं राहायचं आणि हात खांद्याच्या रेषेत समोर पसरायचे. तळवे पायरीला आरामात पोचले तर कोन ठीक. वाकावं लागलं तर शिडी फार पसरली आहे.

तुमच्या १३ फुटीला पाय सव्वातीन फुटांवर आला असता. बाईंच्या पद्धतीने मी काढलं: तुम्ही टोकाला असलात तरी ०.२३ पुरतो. ५ फुटांवर ०.३७५ लागत होता. दिवाण हलवला असता तर खालचा माणूसही लागला नसता. रागावू नका काका, रोज हेच बघतो म्हणून मनापासून लिहितोय. आणि नियम पाळला तरी इथे वरचं टोक बांधायला सांगतात, कारण पाय कशावर आहे ते दर तासाला बदलतं.

सातारकर_६८

रागावत नाही. दिवाण हलवायला दहा मिनिटं लागली असती.

एक विचारायचं राहिलं. शिडी सरकायला लागल्यावर मला वाटलं थांबेल, मी गच्च धरून राहिलो. ती थांबली नाही, उलट वेगाने गेली. हेही गणितात आहे का?

मेकॅनिक्सबाई

आहे. पाय ५ वरून ६ फुटांवर गेला की टोक १२ वरून साधारण ११.५ फुटांवर येतं. तुम्ही दहाव्याच पायरीवर असलात तरी लागणारा μ ०.२९८ वरून ०.३७ वर जातो. जितकी सरकेल तितकी गरज वाढते, आणि एकदा घसरू लागलेलं रबर बहुधा स्थिर रबरापेक्षा कमी धरतं. दोन्ही बाजूंनी वाईट. वाटेत उंबरा, दिवाणाचा पाय असं काही अडवायला असलं तरच ती थांबते.

निधीसाठी एक चित्र सुचवते, सातारकरांनाही आवडेल. कागदावर शिडी काढा. टोकापासून एक आडवी रेघ खोलीच्या आत काढा, तो भिंतीचा रेटा. शिडी आणि माणूस मिळून जे एकूण वजन, त्याच्या जागेतून ओळंबा सोडल्यासारखी उभी रेघ काढा. दोन्ही जिथे छेदतात तिथून शिडीच्या पायापर्यंत तिसरी रेघ. तीन बलांचा समतोल असेल तर जमिनीची एकूण प्रतिक्रिया याच रेघेवरून जायला हवी. ही रेघ उभ्यापासून जितकी कलती तितका घर्षणांक हवा. माणूस वर चढतो तशी उभी रेघ भिंतीकडे सरकते आणि तिसरी रेघ कलत जाते. तुमच्या शिडीत दहाव्या पायरीला उभी रेघ पायापासून ३.५८ फुटांवर, उंची १२, भागाकार ०.२९८. सगळं गणित त्या एका त्रिकोणात आहे.

सातारकर_६८

आज मुलाला बरोबर घेऊन मोजमाप केलं. शिडीचा रबरी बूट काढला, त्यावर फळी ठेवून वर दहा किलोची वजनं ठेवली आणि सामान मोजायच्या ताणकाट्याने आडवं ओढलं. स्वच्छ पुसलेल्या शहाबादीवर साडेपाच किलोला सुटला. म्हणजे ०.५५. हे पाहून आम्ही दोघं बुचकळ्यात पडलो, कारण इतका असेल तर मी टोकापर्यंत जायला हवा होतो.

मग मुलाच्या लक्षात आलं. मी त्या दिवशी भिंत खरवडत होतो. जुना रंग, लांबी, चुना, सगळी पूड खालीच पडत होती. शिडी मी दोनदा सरकवून पुढे लावली, म्हणजे तिचे पाय त्या पुडीवरच आले. कोपऱ्यात अजून थोडी साठलेली होती, ती फरशीवर पसरून पुन्हा ओढलं. तीन किलोला सुटला. चार वेळा केलं, तीन ते सव्वातीन.

रंगकाम_बारामती

काका, हेच. खरवडल्यावर आधी झाडून घ्यायचं, मग शिडी हलवायची. पोरांना रोज ओरडतो मी यावरून.

मेकॅनिक्सबाई

सातारकर, तुम्ही आणि मुलाने फार चांगलं काम केलंत. ०.३० ते ०.३२ आणि तुमचा ताणकाटा तीन ते सव्वातीन, इतकं जुळेल अशी मला अपेक्षा नव्हती, आणि म्हणूनच थोडं जपून घ्या. रबराचा घर्षणांक दाबावर बदलतो, भार वाढला की बहुधा कमी होतो. तुम्ही दहा किलोवर मोजलंत. त्या दिवशी एकेका पायावर सदतीस-अडतीस किलो होते. शिवाय पायरी बदलताना तुमचा भार झोकाने पडला असेल, आणि शरीर शिडीच्या रेषेत नसून जरा बाहेर असेल. यातल्या काही गोष्टी एकमेकींना छेद देतात. जुळणीत थोडा योगायोग असू शकतो.

निधी_अकरावी

बाई, मग काकांनी तीस-चाळीस किलो ठेवून पुन्हा ओढलं तर कळेल ना?

सातारकर_६८

आमचा ताणकाटा दहा किलोपर्यंतच आहे, आणि पुडीवर चाळीस किलोला बारा तरी लागतील. शेजारी धान्याचं दुकान आहे, त्यांच्याकडे मोठा आहे. प्लास्टर पुढच्या आठवड्यात निघतंय, तेव्हा मागून आणतो आणि इथेच आकडे टाकतो. तोवर पूड एका डब्यात भरून ठेवली आहे.